रीटचे एका तिमाहीचे पैसे तीन तुकड्यांत का येतात?

मृण्मयी_कोथरूड

गेल्या वर्षी ऑफिस इमारतींच्या एका रीटचे, म्हणजे भाड्याच्या इमारती धरणाऱ्या ट्रस्टचे, २०० युनिट घेतले, सरासरी ३५० रुपयांनी. म्हणजे ७० हजार गेले. दुकान घेण्याइतके पैसे नाहीत, आणि बाबांचा मात्र एकच घोषा, "भाड्याचं उत्पन्न हवं, जमीन-जुमला हवा". म्हटलं, हा मधला मार्ग बघू.

दर तिमाहीला पैसे येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाच तिमाहीचे तीन वेगवेगळे जमा दिसतात. एक व्याज, एक लाभांश, आणि तिसऱ्यापुढे लिहिलंय 'एसपीव्हीच्या कर्जाची परतफेड'. मी कोणाला कर्ज दिलं? मी तर इमारतीत भाग घेतला होता ना? भाडं कुठे आहे यात? आणि तिसरी रक्कम तिन्हींत मोठी आहे. कोणी नीट सांगेल का? यूट्यूबवर सगळे फक्त 'सहा टक्के यील्ड' म्हणून थांबतात.

बाजी_बारामती

तिसरा भाग म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत. नावच परतफेड आहे. सत्तर हजार दिलेत, त्यातले थोडे थोडे दर तिमाहीला हातावर ठेवतात आणि त्याला 'वितरण' म्हणतात. व्याज आणि लाभांश एवढंच खरं उत्पन्न. तो भाग वजा करा, मग यील्ड साडेतीन टक्के निघतं. त्यापेक्षा एफडी बरी. मी म्हणूनच लांब आहे.

शैला_नाशिक

नमस्कार. आमचं कॉलेज रोडला एक दुकान आहे, २८० चौरस फूट. भाडेकरू आठ महिने भाडं देत नाहीये, उलट डिपॉझिटमधून वळतं करा म्हणतो. हे रीटवाले अशी दुकानं विकत घेतात का? म्हणजे त्यांना विकून मोबदल्यात युनिट मिळतील का? यजमानांचं वय आता कोर्टाच्या फेऱ्या मारायचं नाही.

नाना_ठाणेकर

शैलाताई, नाही घेत. नोंदणीकृत रीटकडे किमान ५०० कोटींची मालमत्ता लागते आणि ते अख्खे आयटी पार्क किंवा मॉल घेतात, सुटं दुकान नाही. भाडेकरूचा प्रश्न वेगळा धागा काढून विचारा, इथे दोन-तीन वकील आहेत.

मृण्मयी, मी निवृत्तीआधी व्यावसायिक जागांच्या भाडेकरारांचे हिशोब बघायचो, त्यामुळे थोडं सांगू शकतो. लांबेल, पण बाजींचा मुद्दा अर्धा बरोबर आणि अर्धा दिशाभूल करणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रचना. इमारत थेट ट्रस्टच्या नावावर सहसा नसते. प्रत्येक पार्कची एक वेगळी कंपनी असते, तीच एसपीव्ही. भाडेकरार त्या कंपनीशी होतात. ट्रस्ट त्या कंपनीचे शेअर धरतो आणि तिला कर्जही देतो. तुमच्या युनिटचे पैसे खाली गेले ते या दोन वाटांनी, भांडवल म्हणून आणि कर्ज म्हणून. त्यामुळे भाडं वर येतानाही याच वाटांनी येतं. तुम्ही कर्ज दिलं नाहीत, तुमच्या वतीने ट्रस्टने दिलं.

आता एक काल्पनिक पार्क घेऊ. वर्षाचं भाडं १०० कोटी. देखभाल, मालमत्ता कर, विमा वगैरे १५ कोटी गेले, राहिले ८५. बाहेरच्या बँकेचं व्याज १५, राहिले ७०. आता ट्रस्टने दिलेल्या कर्जाचं व्याज २० कोटी. ते ट्रस्टकडे जातं आणि तुमच्याकडे 'व्याज' म्हणून उतरतं. कंपनीकडे उरले ५० कोटी रोख.

इथे गंमत सुरू होते. कंपनी कायद्याने लाभांश नफ्यातून द्यायचा असतो. आणि नफा काढताना इमारतीचा घसारा वजा होतो, समजा २५ कोटी. घसाऱ्याचे पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत, ती वहीतली नोंद आहे. म्हणजे वहीत नफा २५, त्यावर कर समजा ६, लाभांशाला उरले १९. पण तिजोरीत किती? ५० मधून कर ६ आणि लाभांश १९ गेले, तरी २५ कोटी रोख शिल्लक आहेत. ते भाड्याचेच पैसे आहेत, फक्त लाभांश म्हणून वर पाठवता येत नाहीत. मग कंपनी काय करते? ट्रस्टच्या कर्जाचं मुद्दल फेडते. तेच तुमचं तिसरं जमा.

म्हणजे १०० कोटींच्या भाड्यातून वर आले २० + १९ + २५ = ६४ कोटी. ट्रस्टचा स्वतःचा खर्च आणि व्यवस्थापकाची फी जाऊन जे राहील त्यातलं किमान ९० टक्के वाटावंच लागतं, आणि तेही सहा महिन्यांतून एकदा तरी. आपल्याकडचे बहुतेक तिमाहीला वाटतात.

बाजी_बारामती

नाना, हिशोब पटला, पण घसारा 'फक्त वहीतली नोंद' हे बिल्डरांचं वाक्य आहे. वीस वर्षांनी काचा बदलाव्या लागतात, लिफ्ट बदलाव्या लागतात, एसीचे चिलर बदलावे लागतात. पंचवीस वर्षांपूर्वीचे आयटी पार्क बघा, नवीन भाडेकरू तोंड वेंगाडतो. घसारा खराच आहे, फक्त बिल उशिरा येतं. आणि त्या बिलासाठी बाजूला ठेवायचे पैसेच तुम्ही वाटून टाकताय.

नाना_ठाणेकर

हे खरं आहे, आणि त्याचमुळे मी तुम्हाला अर्धं बरोबर म्हणालो. २५ कोटींचा घसारा वहीत असला तरी प्रत्यक्षात त्या वर्षी दुरुस्तीला ५-७ कोटी लागले असतील, तर उरलेले १८ खरं उत्पन्न आणि ७ हे तुमच्या म्हणण्यासारखं मुद्दल. नेमकी रेघ कोणी काढू शकत नाही, कारण जमिनीला घसारा नसतो आणि पवई-बीकेसीसारख्या ठिकाणी किमतीतला मोठा भाग जमिनीचाच असतो. पण 'तिसरा भाग म्हणजे सगळं तुमचंच परत' हे चूक.

मोठी कामं, म्हणजे नवीन टॉवर किंवा नवीन पार्क, रोखीतून होत नाहीत हे मान्य. त्यासाठी रीट कर्ज काढतो नाहीतर नवीन युनिट विकतो. कर्जाला सेबीची कमाल मर्यादा मालमत्तेच्या ४९ टक्के आहे, आणि २५ टक्क्यांच्या वर जायचं तर पतमानांकन आणि युनिटधारकांची मंजुरी लागते.

सांगलीकर_सीए

कराचं मी सांगतो, कारण तीन तुकड्यांचा खरा फरक तिथे पडतो. मृण्मयीताईंचेच २०० युनिट घेऊ. वर्षाला युनिटमागे २० रुपये मिळाले असं समजू, म्हणजे ४,००० रुपये. नानांच्या प्रमाणाच्या आसपास सोय म्हणून वाटणी धरतो: व्याज १,२००, लाभांश १,२००, परतफेड १,६००.

व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. १० टक्के टीडीएस आधीच कापलेला असतो. लाभांशाचं एसपीव्हीवर अवलंबून आहे. खालच्या कंपनीने कॉर्पोरेट कराचा कमी दराचा पर्याय घेतला नसेल, तर तो लाभांश तुमच्या हातात करमुक्त. घेतला असेल, तर तोही स्लॅबप्रमाणे.

परतफेडीवर त्या वर्षी कर नाही. पण त्याने तुमची खरेदी किंमत कमी होते. ७०,००० ची ६८,४०० झाली. पाच वर्षं असंच चाललं तर ६२,०००. तेव्हा ४०० रुपयांनी सगळे विकले, हातात ८०,००० आले, तर नफा १० हजार नाही, १८ हजार. बहुतेक लोक इथेच चुकतात. ब्रोकरच्या नफा-तोट्याच्या पानावर खरेदी ७० हजारच दिसते, कारण वितरणाचा तपशील ब्रोकरकडे नसतो. हा हिशोब आपला आपण ठेवायचा. बारा महिन्यांहून जास्त धरलं तर दीर्घकालीन, आणि अशा सगळ्या शेअर-युनिटचा मिळून १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के. त्याआधी विकलं तर २० टक्के.

२०२३ च्या अर्थसंकल्पात यात एक कुलूप घातलं गेलं. युनिट बाजारात आलं तेव्हापासून त्यावर वाटलेल्या परतफेडीची बेरीज मूळ विक्री किमतीच्या वर गेली, तर वरची रक्कम सरळ उत्पन्न धरतात. ३०० रुपयांचं युनिट आणि वर्षाला ८ रुपये परतफेड असेल तर ते फार लांब आहे. आज डोकं खाऊ नका.

३० टक्के स्लॅबमध्ये असाल तर उपकर सोडून हिशोब असा. लाभांश करमुक्त असेल तर कर ३६०, हातात ३,६४०, म्हणजे ७० हजारांवर ५.२ टक्के. लाभांश करपात्र असेल तर कर ७२०, हातात ३,२८०, म्हणजे ४.७ टक्के. सात टक्क्यांची एफडी याच स्लॅबमध्ये ४.९ देते. बाजी, तुमची एफडी फार पुढे नाही.

बाजी_बारामती

एफडीत मुद्दल शाबूत असतं. इथे भाव पडला की सगळं गेलं. आणि परतफेडीवरचा कर तुम्ही पुढे ढकललात, वाचवला नाहीत.

सांगलीकर_सीए

ढकलला, बरोबर. पण पुढे ढकललेला कर १२.५ टक्क्यांच्या दराने लागतो, आणि सव्वा लाखांच्या आत बसला तर लागतही नाही. लहान गुंतवणूकदाराला हा फायदा मोठ्यापेक्षा जास्त आहे.

मृण्मयी_कोथरूड

नाना, सीए सर, खूप धन्यवाद. माझ्या लाभांशावर टीडीएस कापलेला नाही. म्हणजे तो करमुक्त प्रकारातला असावा का? आणि हे आधी कसं कळणार? युनिट घेण्यापूर्वी?

सांगलीकर_सीए

टीडीएसवरून अंदाज बांधू नका. प्रत्येक तिमाहीला वितरण जाहीर होतं तेव्हा एक्स्चेंजला दिलेल्या पत्रात युनिटमागे किती व्याज, किती लाभांश, किती परतफेड हे पैशांपर्यंत लिहिलेलं असतं, आणि लाभांश करपात्र की करमुक्त तेही. मागच्या चार तिमाह्यांची पत्रं काढा, कल कळतो. वर्षअखेरीला ट्रस्टकडून फॉर्म ६४बी येतो. रिटर्न भरताना तो समोर ठेवा.

रीटरीटमध्ये बराच फरक असतो. माइंडस्पेसच्या सुरुवातीच्या वर्षांत वाटणीचा मोठा भाग करमुक्त लाभांशाचा होता. ब्रुकफील्डच्या वाटणीत व्याज आणि परतफेड जास्त. वरून दोघांचं यील्ड सारखं दिसलं तरी वरच्या स्लॅबवाल्याच्या हातात वेगळं पडतं.

निखिल_एडिसन

न्यू जर्सीत असतो, एनआरआय खात्यातून घ्यायचा विचार होता. इथल्या माझ्या कर सल्लागाराने सरळ नको म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या करदात्यासाठी भारतातला रीट बहुधा 'पीएफआयसी' प्रकारात पडतो, आणि मग प्रत्येक गुंतवणुकीमागे दरवर्षी ८६२१ नंबरचा फॉर्म. दोन-तीन लाखांच्या गुंतवणुकीला त्या फॉर्मची फी उत्पन्नाहून जास्त. अमेरिकेत रीट १९६० पासून आहेत, मी इथलेच घेतो. आईच्या नावावर पुण्यात घ्यावं का असा विचार आहे. तिच्या स्लॅबमध्ये कर नाही.

सांगलीकर_सीए

आईंना दिलेली भेट भारतात करमुक्त आहे आणि उत्पन्न त्यांचंच धरलं जाईल. अमेरिकेच्या बाजूने भेटीचे नियम तिथल्या सल्लागाराला विचारा, त्यात मी पडत नाही.

आयटी_हिंजवडी

मी हिंजवडीत नोकरीला आहे. आमच्या पार्कमध्ये कोविडनंतर दोन टॉवरचे मजलेच्या मजले अंधारात असायचे, कॅन्टीनवाला पण गेला. नुसतं यील्ड बघून घेणाऱ्यांनी एकदा पार्कमध्ये जेवणाच्या सुट्टीत चक्कर मारावी. तिमाही सादरीकरणात '८७ टक्के भरलेलं' वगैरे येतं, ते सगळ्या शहरांची सरासरी असते. आमच्या पार्कसारखी एखादी जागा त्या सरासरीत लपते.

नाना_ठाणेकर

लपत नाही, फक्त मागच्या पानावर असते. प्रत्येक रीटच्या सादरीकरणात पार्कनिहाय तक्ता असतो. शेवटची दहा पानं आधी वाचायची सवय लावा.

हिंजवडीत, आणि ऐरोलीपासून हैदराबादपर्यंत, त्या रिकामेपणाचं कारण फक्त घरून काम नव्हतं. ते पार्क एसईझेड, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र होते. एसईझेडमध्ये नव्याने येणाऱ्या कंपनीला मिळणारी आयकराची सवलत २०२० मध्ये संपली. सवलत नाही तर कंपनीने एसईझेडच्या कस्टमच्या कागदपत्रांत का अडकावं? आणि जी कंपनी एसईझेडची नाही तिला तिथे बसताच येत नव्हतं. म्हणजे मालकाकडे जागा आहे, बाजारात गिऱ्हाईक आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला आणि मजल्यागणिक जागा एसईझेडमधून काढता येऊ लागली. त्यानंतर ते मजले हळूहळू भरायला लागले. कोणी रीट घेणार असेल तर विचारायचा प्रश्न हा, की रिकाम्या जागेतली किती एसईझेड आहे आणि किती बाहेर काढायची परवानगी आली आहे.

आणखी एक. 'कमिटेड' भरलेली जागा आणि भाडं देणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी. करार झाला की जागा भरलेली मोजतात. पण भाडेकरूला आत फर्निचर करायला काही महिने भाडं माफ असतं. मोठ्या बँकेने पाच मजले घेतले की बातमी आज येते, पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिसतात. लोक बातमीवर युनिट घेतात आणि दोन तिमाह्या वितरण हललं नाही की चिडतात.

मृण्मयी_कोथरूड

भाडं वाढतं कसं? माझ्या घराचं दर ११ महिन्यांनी ५ टक्के वाढवतात, तसंच का?

नाना_ठाणेकर

ऑफिसच्या करारात बऱ्याचदा तीन वर्षांनी १२ ते १५ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे वर्षाला चार-पाचच झाले. करार लांब असतात, त्यात भाडेकरूला सुरुवातीची तीन-पाच वर्षं बांधून ठेवतात. त्यानंतर सोडायचा हक्क साधारणपणे भाडेकरूलाच असतो, मालकाला नाही. म्हणून 'दहा वर्षांचा करार' वाचून निर्धास्त होऊ नका, बांधलेली मुदत किती उरलीय ते बघा. मॉलचं वेगळं. नेक्सससारख्या मॉलच्या रीटमध्ये ठरलेलं भाडं असतंच, शिवाय दुकानाच्या विक्रीतला हिस्साही असतो. दिवाळीची तिमाही तिथे उठून दिसते.

पण भाडं वाढलं म्हणजे युनिटमागचं वितरण वाढलंच असं नाही. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रीट मोठा होतो तो नवीन पार्क घेऊन, आणि पार्क बहुतेक वेळा प्रवर्तकाकडूनच घेतात. पैसे कुठून? नवीन युनिट विकून. ब्रुकफील्ड इंडिया फेब्रुवारी २०२१ मध्ये २७५ रुपयांना आला. ऑगस्ट २०२३ च्या सुमाराला त्यांनी पवईचं डाउनटाउन आणि गुरुग्रामचा एक पार्क सिंगापूरच्या जीआयसीबरोबर निम्मा-निम्मा घेतला. त्यासाठी संस्थांना नवीन युनिट दिले ते अडीचशेच्या आसपास, म्हणजे पहिल्या लोकांनी दिलेल्या भावाच्या खाली. मालमत्ता उत्तम, पण एकूण भाडं वाढताना वाटेकरीही वाढले. बातमीत 'पोर्टफोलिओ इतक्या दशलक्ष चौरस फुटांवर' असं येतं. तुम्ही बघायचं ते युनिटमागचं वितरण, चार वर्षांचं एका ओळीत लिहून.

बाजी_बारामती

आणि तो भाव अडीचशेवर का आला? इमारती पडल्या होत्या का? नाही. रेपो दर वाढला. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा. एफडी सात देऊ लागली, मग सहावाल्याला कोण विचारतो? म्हणजे हे जमिनीसारखं नाही, रोख्यासारखं वागतं. बाबांना 'जमीन-जुमला' म्हणून सांगू नका.

नाना_ठाणेकर

यावेळी मी तुमच्या बाजूने. फक्त रोख्याचं कूपन वाढत नाही, भाडं वाढतं. दर उतरायला लागले की उलटं चक्रही फिरतं. शिवाय कर्जावरचं व्याज थेट त्याच १०० कोटींच्या भाड्यातून जातं, हेही लक्षात घ्या. वरच्या उदाहरणात बँकेचं व्याज १५ चं २० झालं, तर तुमच्या ६४ ला तेवढीच कात्री, थोडाफार कर वाचेल तो सोडून.

शैला_नाशिक

मी परत आले. मुलीने सांगितलं, आई दुकान विकून 'फ्रॅक्शनल'मध्ये घाल, तिथे इमारतीचा तुकडा तुझ्या नावावर होतो. मागे एका एजंटने २५ लाख किमान सांगितले होते. आता म्हणतात १० लाखांत मिळतं आणि तेही सेबीचं आहे. हे तेच रीट का?

बाजी_बारामती

तेच. आता सगळे रीटच झाले.

सांगलीकर_सीए

तेच नाही, ताई. मार्च २०२४ मध्ये सेबीने 'लघु आणि मध्यम' रीट नावाचा वेगळा प्रकार आणला, नेमका त्या फ्रॅक्शनलवाल्या कंपन्यांना नियमांत आणण्यासाठी. त्यात एका योजनेत ५० ते ५०० कोटींची मालमत्ता, किमान २०० गुंतवणूकदार, आणि एका युनिटची किंमत किमान १० लाख. ९५ टक्के पैसा तयार, भाडं देणाऱ्या इमारतीतच. मोठ्या रीटमध्ये ही मर्यादा ८० टक्के आहे, म्हणजे ते थोडं बांधकामही अंगावर घेऊ शकतात.

फरक तुमच्यासाठी हा, की मोठ्या रीटमध्ये दहा-वीस पार्क आणि शेकडो भाडेकरू, लहानात बहुधा एकच इमारत आणि चार-पाच भाडेकरू, कधी एकच. तो उठून गेला की तुमच्या दुकानाचीच गोष्ट, फक्त मोठ्या काचेमागे. आणि १० लाखांचं युनिट विकायला निघालात तर गिऱ्हाईक रोज उभं असेलच असं नाही. मोठ्या रीटचं एक युनिट काहीशे रुपयांत बाजार चालू असताना विकता येतं. जुन्या फ्रॅक्शनल योजनेतलं काही कोणी अजून विकत असेल तर आधी सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या यादीत तो स्वतः तपासा.

शैला_नाशिक

म्हणजे माझं दुकान विकून मोठ्या रीटमध्ये घातलं तर भाडेकरूच्या मागे लागायला नको, एवढं कळलं. पण दुकान विकल्यावर कॅपिटल गेन लागेल त्याचं काय?

सांगलीकर_सीए

लागेल. आणि रीटच्या युनिटमध्ये गुंतवून तो वाचत नाही, कारण ती सवलत घरात किंवा ठरावीक सरकारी रोख्यांत घातल्यावर मिळते. रोख्यांना विक्रीपासून सहा महिन्यांची मुदत आणि ५० लाखांची मर्यादा आहे. दुकान कधीचं आहे? २००१ पूर्वीचं असेल तर मूल्यांकन करून घ्या. व्यनि करा.

आयटी_हिंजवडी

मृण्मयीताईंच्या वडिलांचा मुद्दा एका बाबतीत खरा आहे. दुकानाला बँक कर्ज देते आणि ८० टक्के दुसऱ्याच्या पैशावर मालमत्ता उभी राहते. युनिटला तसं नाही, सगळं रोखीनं.

नाना_ठाणेकर

दुकानाला ८० टक्के क्वचित, बहुतेक ५०-६० वर थांबतात आणि व्याज घरापेक्षा जास्त. शिवाय मुद्रांक सहा-सात टक्के, नोंदणी ३० हजार, आणि महिलांची मुद्रांक सवलत घरापुरतीच, दुकानाला नाही. पहिल्या वर्षाचं भाडं त्यातच जातं. बाकी रीटही कर्ज घेतोच, फक्त तुमच्या सिबिलवर नाही.

बाजी_बारामती

नाना, एक शेवटचं. ट्रस्टने एसपीव्हीला दिलेलं कर्ज एक दिवस फिटणार ना? त्या दिवशी ते तिसरं जमा कुठून आणणार?

नाना_ठाणेकर

दोन रस्ते दिसतात. नवीन बांधकामासाठी किंवा बँकेचं कर्ज फेडायला ट्रस्ट खालच्या कंपनीला पुन्हा कर्ज देतो, म्हणजे फेडायला नवीन मुद्दल तयार होतं. किंवा कंपनी कायदेशीर मार्गाने भागभांडवल कमी करून पैसे वर पाठवते, त्याला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते आणि वेळ जातो. आपल्याकडचा सगळ्यात जुना रीट, एम्बसी, एप्रिल २०१९ चा. एखाद्या मोठ्या एसपीव्हीचं कर्ज पूर्ण संपून अडचण आली, असं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ताळेबंदात ट्रस्टने एसपीव्हींना दिलेल्या कर्जाची रक्कम लिहिलेली असते. वर्षाला फिटणाऱ्या मुद्दलाने तिला भागा, किती वर्षं पुरेल ते कळेल.

मृण्मयी_कोथरूड

आज वार्षिक अहवाल डाउनलोड केला. ती रक्कम सापडली, पण ती एकूण आहे, पार्कनिहाय फोड सापडत नाहीये. कुठल्या टिपणीत बघायची?

नाना_ठाणेकर

रक्कम सापडली म्हणजे तुम्ही ट्रस्टचा स्वतंत्र ताळेबंदच उघडलाय, एकत्रित नाही. एकत्रित हिशोबात ट्रस्ट आणि एसपीव्ही एकच धरतात, त्यामुळे आपसातलं कर्ज तिथे गायब होतं. स्वतंत्र ताळेबंदात 'कर्जे' या ओळीला टिपणीचा क्रमांक असेल. फोड तिथे नसली तर संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपणीत एसपीव्हीच्या नावानुसार मिळेल.